डब्याचा हिशेब खाड्यापासून सुरू होतो

प्रश्न: मी घरून २२ डबे देते. आता आणखी १८ जण मागे लागलेत, पण आहेत तेच सांभाळताना दमछाक होते. रोज भाजी काय करायची इथपासून सुरुवात. डबे कधी वेळेवर पोचतात, कधी नाही. आमटी सांडते, पोळ्या ओल्या होतात. आणि महिनाअखेरीला खाड्यांवरून वाद. हे सगळं नीट बसवायचं कसं?

ताई, सगळ्यात आधी खाडा कळवण्याची वेळ बांधून घ्या: आदल्या रात्री ८. मेनू, डबे वाटण्याची लाइन आणि बिल हे तिन्ही धागे त्या एका वेळेला येऊन मिळतात. मी हे काम पुण्यात घरूनच अकरा वर्षं करते आहे. पहिली तीन वर्षं माझ्याकडे ही वेळ नव्हती. सकाळी साडेनऊला फोन यायचा, "काकू, आज डबा नको," आणि मी "बरं बाळा" म्हणायचे. तोवर भाजी शिजलेली असायची, कणीक मळलेली असायची आणि माझ्या वहीत मात्र त्या दिवशी शून्य.

रात्री ८ च का, तर त्यानंतर आपले पैसे खर्च व्हायला लागतात. साडेआठला मी मंडईत जाते, नऊला पोळ्यांच्या बायकांना उद्याचा आकडा सांगते आणि झोपण्यापूर्वी भिजवायचं ते भिजवते. ८ च्या आत कळवलं तर तो खाडा, त्या डब्याचे पैसे लागत नाहीत. ८ नंतर कळवलं तर डबा झाला असंच धरायचं. तो डबा पाठवायचा, घरात कोणी नसेल तर शेजारी किंवा वॉचमनकाकांकडे ठेवायचा, पण मोजायचा. हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी लिहून पाठवा. जुन्या बावीस जणांना पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होईल असं आठवडाभर आधी कळवा, मधेच लादू नका.

आणि खाडा कळवायचा तो तुम्हाला एकट्याला, स्वतंत्र मेसेज करून. ग्रुपवर नको. ग्रुपमध्ये "आजची भाजी मस्त" आणि सणाच्या शुभेच्छांच्या गर्दीत खाड्याचा मेसेज बुडतो, आणि नंतर "मी टाकला होता" आणि "मला दिसला नाही" यांत निवाडा कुणी करायचा? मेनू पाठवायला ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. एक लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही. म्हणून नवीन माणसाकडून पहिलं काम ते करून घ्यायचं.

आता हा आकडा हातात आला की सकाळ उलटी मोजायची, जेवणाऱ्याच्या ताटापासून आपल्या गॅसपर्यंत. तुमचे २२ आणि नवे १८, म्हणजे ४० डबे धरून चालू. माझ्या अनुभवात अशा चाळीस जणांत सहा-सात आजी-आजोबा असतात, त्यांना १२ च्या ठोक्याला जेवण लागतं. त्यांच्यातले काही जेवणाआधी इन्सुलिन घेतात. तिथे उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो, सुई घेऊन माणूस डब्याची वाट पाहत बसतो. बाकीचे ऑफिसवाले पाऊणला, काही जण सव्वाला जेवतात. म्हणजे पहिला डबा १२ च्या आत पोचायला हवा, तर गाडी ११:२५ ला घरून निघाली पाहिजे. चाळीस डबे दोघींनी भरायला पस्तीस मिनिटं लागतात, म्हणून १०:५० ला सगळं शिजून ओट्यावर हवं.

इथे बहुतेक जणी चुकतात. त्यांना वाटतं भाजी वेळ खाते. भाजी वेळ खात नाही, वीस माणसांची आणि चाळीस माणसांची उसळ जवळजवळ तेवढ्याच वेळात होते, पातेलं मोठं लागतं इतकंच. वेळ खाते पोळी. डब्याला चार पोळ्या म्हणजे १६० पोळ्या. एक पोळी साधारण ३० ग्रॅम पिठाची, म्हणजे पाच किलो कणीक. हात बसलेली बाई एका तव्यावर लाटून-भाजून तासाला पन्नास पोळ्या करते. सुरुवातीला साठ होतात, पण दुसऱ्या तासाला मनगट दुखायला लागतं. एकटीने १६० करायच्या तर सव्वातीन तास, म्हणजे सकाळी साडेसातला बसून पहिल्या पोळ्या जेवणाऱ्यासमोर पाच तासांनी जाणार. दोघी, दोन तवे, ९ ते १०:४० हे गणित बरोबर बसतं. तुमच्याकडे सध्या एक बाई असेल तर २२ डब्यांच्या ८८ पोळ्या ती आरामात करते, आणि म्हणूनच अडचण दिसत नाही. ३० डब्यांच्या पुढे दुसरी बाई नसेल तर नवीन माणूस घेऊ नका. तुमची दमछाक इथूनच होत असणार असा माझा अंदाज आहे.

मेनूकडे येते. सात दिवसांचा ठरावीक मेनू करू नका. सोमवार म्हणजे मटकी हे तिसऱ्या आठवड्यात पाठ होतं, आणि मग सोमवारचे खाडे वाढायला लागतात. मी वाराला प्रकार ठरवते, पदार्थ नाही. सोमवारी उसळ, पण त्या उसळीची यादी पाचांची: मटकी, मूग, चवळी, मसूर, वाटाणा. मटकी पुन्हा यायला पाच आठवडे जातात. बुधवारी पालेभाजी, तिची यादी ऋतूप्रमाणे चार-पाचांची. असं प्रत्येक वाराचं. कोशिंबीर आणि चटणीची यादी वेगळी, ती वाराशी न बांधता आपली आपली फिरत राहते, त्यामुळे तीच जोडी लवकर समोर येत नाही.

कोणत्या वाराला कोणता प्रकार हे मात्र चवीवर ठरवत नाही मी, आकड्यावर ठरवते. सोमवारचा आकडा सगळ्यात बेभरवशाचा असतो. शनिवार-रविवार गावी गेलेली मुलं सोमवारी परततातच असं नाही आणि रविवारी रात्री ८ ला कुणाला खाडा कळवायचं सुचत नाही. म्हणून सोमवारी उसळ. शनिवारी रात्री मटकी भिजवली, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली, की सोमवारी सकाळी मोड तयार. चाळीस डब्यांना कोरडी मटकी १ किलो ६०० ग्रॅम लागते, माणशी ४० ग्रॅम. समजा सात-आठ जण कमी झाले तर उरलेली मोडाची मटकी फ्रिजमध्ये दोन दिवस छान राहते, काही वाया जात नाही. तेच सोमवारी पालक आणून ठेवला असता तर? पालेभाजी मी बुधवारी ठेवते, कारण मंगळवार-बुधवारपर्यंत सगळे आपापल्या जागी आलेले असतात आणि आकडा पक्का असतो. शनिवारी अनेक ऑफिसं बंद, आकडा सगळ्यात खाली, म्हणून भरली वांगी, भरली सिमला मिरची असलं हातखाऊ काम शनिवारी. चाळीस जणांची भरली वांगी करायला गेलात तर ११:२५ ची गाडी चुकलीच म्हणून समजा.

उपास आधी पंचांगातून वहीत उतरवून घ्या. संकष्टी, एकादशी, नवरात्र, महाशिवरात्र. आदल्या दिवशी दुपारी विचारायचं, "उद्या चतुर्थी, उपासाचा डबा कुणाला?" साबुदाणा खिचडीचं प्रमाण वेगळं, भिजवण वेगळी, आणि त्या दिवशी पोळ्या कमी. श्रावणात कांदा-लसूण न खाणारे वाढतात. त्यांच्यासाठी वेगळी भाजी करत बसू नका, त्या महिन्यात फोडणी दोन भागांत करा: आधी बिनकांद्याची भाजी काढून घ्यायची, मग उरलेल्यात कांदा-लसणाची वरून फोडणी द्यायची. पावसाळ्यात मातीने भरलेल्या पालेभाज्या मी पूर्ण बंद करते. सहा किलो मेथी निवडायला दोघींना दोन तास जातात आणि पावसात त्यातली तिसरा हिस्सा फेकावी लागते. त्या दिवसांत बुधवारी झुणका किंवा डाळ घातलेलं दोडकं.

आणखी एक कसोटी, जी मला फार उशिरा कळली. डब्याची भाजी कढईतून चाखायची नसते, दोन तासांनी चाखायची असते. कढईत कुरकुरीत असलेली भेंडी बंद डब्यात दोन तासांनी लिबलिबीत होते. पिठलं घट्ट होऊन खरवसासारखं कापावं लागतं. वरणही आळतं. म्हणून पिठलं आणि वरण आपल्याला बरं वाटेल त्यापेक्षा एक पळी पाणी जास्त घालून सैल ठेवायचं. दुधी, पडवळ यांना पाणी सुटतं, तिथे शेवटी दाण्याचं कूट किंवा भाजलेलं बेसन भुरभुरायचं. उसळी मात्र मुरून आणखी चांगल्या लागतात. हे सगळं समजण्यासाठी मी रोज एक डबा जास्त भरते. आमच्याकडे त्याला साक्षीचा डबा म्हणतात. तो घरी ओट्यावर ठेवायचा नाही, गाडीवर पाठवायचा. सगळी लाइन फिरून तो परत येतो आणि दीड वाजता मी तोच जेवते. आमटी गळते का, पोळी ओली झाली का, भात कोंदट लागतो का, हे तेव्हा कुणाच्या तक्रारीवाचून कळतं. कुणी "आज भाजीला वास येत होता" म्हणालं तर मी तीच भाजी खाल्लेली असते, त्यामुळे खरं काय ते समजतं. म्हणून चाळीस डब्यांना स्वयंपाक बेचाळीसचा करायचा: एक साक्षीचा आणि एक वाटेत सांडला तर.

पोळ्या ओल्या होण्याचं कारण वाफ. तव्यावरून काढलेली पोळी थेट डब्यात गेली की तिची वाफ झाकणाला लागते, पाणी होऊन खाली पडते आणि खालच्या दोन पोळ्या चिकटतात. पोळी आधी वेताच्या टोपलीत किंवा जाळीवर दोन मिनिटं मोकळी पडू द्या, मग तुपाचं बोट फिरवून घडी करा आणि सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. डबा भरताना चार पोळ्या पातळ कागदात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवायच्या. छापील वर्तमानपत्र कधीही वापरू नका, शाई अन्नात उतरते. पोळ्या थोड्या कोमट होऊन गेल्या तरी चालतं, त्यात पाणी कमी असतं, लवकर बिघडत नाहीत.

आमटी, भाजी आणि भात यांचं उलट आहे. ते गरमच भरायचे, आणि खरोखर गरम. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात, आणि कोमट आमटी नेमकी तिथेच असते. मी आमटीचं पातेलं भरणं संपेपर्यंत मंद आचेवर ठेवते. ती उकळत असतानाच पळी डब्यात जाते. कप्पा काठोकाठ भरायचा नाही, एक बोट जागा सोडायची. रबरी रिंग असलेला कप्पा आमटीला, आणि तो सगळ्यात खाली. गळलीच तर ती खाली गळते, भातात आणि पोळ्यांत जात नाही. सांडण्याचं बहुतेक वेळा कारण डबा नसतो, रिंग असते. गरम पाण्याने आणि तेलाने ती सैल पडते. दर तीन-चार महिन्यांनी सगळ्या रिंगा बदला. पाणी भरून, डबा उलटा करून पाच मिनिटं ठेवला की खराब रिंग लगेच कळते. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत आमटी बांधून देण्याची सवय असेल तर मोडा. उकळती आमटी त्यात घालणं योग्य नाही, आणि महाराष्ट्रात २०१८ पासून अशा पिशव्यांवर बंदी आहे.

भाताबद्दल मी फार कडक आहे. कालचा भात फोडणी देऊन डब्यात घालायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी. तांदळात असणाऱ्या एका जंतूची बीजं शिजवल्यानेही मरत नाहीत. भात तासन् तास बाहेर राहिला की ती वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत गरम केल्याने जात नाही. घरी आपल्या ताटात आपण काय खातो तो आपला प्रश्न, पण चाळीस घरांत तोच भात गेला तर चाळीस घरांत उलट्या. भात शेवटी लावायचा, १०:४० ला झाकण उघडेल असा. डबा ३ च्या आत संपवा असं सगळ्यांना एकदा सांगून ठेवा, संध्याकाळी उरलेला भात खाऊ नका हेही सांगा. एप्रिल-मे मध्ये ओल्या खोबऱ्याचं वाटण बंद, भाजलेलं सुकं खोबरं घ्या. कोशिंबिरीत दही निघण्यापूर्वी दहा मिनिटं घाला, मीठ छोट्या पुडीत वेगळं. डबा उघडल्यावर आमटीवर बारीक फेस, आंबूस वास किंवा भाताला तार दिसली तर चाखूनसुद्धा बघायचं नाही, हे माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे.

आता लाइन. डबे वाटण्याचा क्रम अंतरावर लावू नका, जेवणाच्या वेळेवर लावा. आधी १२ वाले आजी-आजोबा, मग पाऊणचे, शेवटी सव्वाचे. एका दुचाकीला जाड पिशव्यांतून वीस डबे नीट बसतात, म्हणून चाळीस डब्यांना दोन लाइन. तुमच्या पोऱ्याला एक आठवडा प्रत्येक थांब्यावर वेळ लिहायला सांगा. तुम्हाला दिसेल की रस्त्यावर वेळ फार जात नाही. वेळ जातो सोसायटीच्या फाटकावर नोंद करताना, लिफ्टची वाट बघताना, "जरा थांब, रिकामा डबा घासते" यात. आमच्याकडे एका थांब्याला सरासरी तीन मिनिटं लागतात. सतरा-अठरा थांबे म्हणजे साधारण पाऊण-एक तास, वर गाडी चालवण्याची वीस-पंचवीस मिनिटं वेगळी. ११:२५ ला निघालेली गाडी १२:४५ च्या सुमारास शेवटच्या दारात. यात आणखी थांबा बसत नाही. फाटकावरचा वेळ कमी करायला ऑफिसांचे डबे रिसेप्शनवर एकत्र ठेवायची परवानगी घ्या. एका थांब्यात बारा डबे उतरले तर तुमची अर्धी लाइन मोकळी झाली.

मी एकदा एका भल्या माणसाच्या विनंतीवरून लाइनपासून तीन किलोमीटर लांबचा एकच डबा घेतला. जाऊन-येऊन अठरा मिनिटं. पावसाळा सुरू झाला आणि ती अठरा मिनिटं अर्ध्या तासावर गेली. त्याच्यानंतरचे अकरा डबे रोज उशिरा जायला लागले, आणि दोन जुनी घरं मला न सांगता दुसरीकडे गेली. एका डब्यासाठी दोन डबे गेले. तेव्हापासून नियम एकच: नवीन माणूस लाइनवर असेल तरच. लांबचा असेल तर त्याच्या इमारतीत किंवा शेजारी आणखी चार जण मिळेपर्यंत त्याचं नाव यादीत राहतं.

झाकणावर नाव लिहू नका, खूण लिहा. मुंबईचे डबेवाले झाकणावर रंग, अक्षरं आणि आकडे लिहितात, त्यात कुठल्या स्टेशनवर उतरायचं आणि कुठल्या इमारतीत कितव्या मजल्यावर द्यायचं हे असतं. पूर्ण पत्ता वाचत बसावं लागत नाही. आपल्याला तेवढं लागत नाही. ऑइल पेंटने लाइनचा रंग आणि थांब्याचा क्रमांक, "लाल ७" एवढं पुरे. पिशवीत डबे उलट्या क्रमाने भरायचे, पहिला थांबा सगळ्यात वर. पोऱ्या आजारी पडला तर तुमचा मुलगासुद्धा यादी हातात घेऊन लाइन मारू शकतो. डबे माणशी दोन लागतात, आज भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घ्यायचा. त्याशिवाय चार-पाच जास्तीचे ठेवा, आणि सुरुवातीलाच डब्याची अनामत घ्या, कारण शिकणारी मुलं परीक्षा संपली की डब्यासकट गावी जातात.

राहिलं बिल. इथे एक गणित मांडून दाखवते, कारण माझ्या हातात महिनाअखेरी काही उरत का नाही हे मला याच गणिताने समजलं. समजा डबा १०० रुपयांचा, महिन्याला २६ डबे. त्यातला शिधा, भाजी आणि गॅस मिळून ५१ रुपये. पोळ्यांच्या बायका, डबे पोचवणारा मुलगा आणि भांडी घासणारी, यांचा महिन्याचा पगार डब्यावर वाटला तर २९ रुपये. आपल्याला उरतात २०. चाळीस जणांनी पूर्ण महिना खाल्लं तर १,०४० डबे, उरले २०,८००. आता प्रत्येकाने फक्त पाच खाडे केले आणि आपण पाचही डब्यांचे पूर्ण पैसे सोडले तर काय होतं? २०० डबे कमी. शिधा वाचला, पण पगार तेवढाच द्यायचा. जमा ८४,०००, शिध्याचे ४२,८४० गेले, पगाराचे ३०,१६० गेले, उरले ११,०००. कामात काही कमी झालं नाही, सकाळी तितक्याच वाजता उठलो आणि कमाई निम्म्यावर आली. एक खाडा म्हणजे आपल्या हातून ४९ रुपये जातात.

म्हणून खाडे दरातच धरायचे. माझ्याकडे सरासरी माणशी तीन खाडे होतात. चाळीस जणांचे १२०, गुणिले ४९ म्हणजे ५,८८० रुपये, ते खाल्लेल्या ९२० डब्यांवर वाटले की डब्याला सहा-साडेसहा रुपये. दर १०० च्या ऐवजी १०७ ठेवला की तीन खाड्यांची सवलत मोकळ्या मनाने देता येते. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हीच बेरीज तुमच्या वहीतून करा. दर वाढवताना पोट दुखत असेल तर मागच्या तीन महिन्यांचे खाडे मोजून पाहा.

बिल तारखेवर ठेवू नका, डब्यांवर ठेवा. मी २६ डब्यांचं कार्ड देते, पैसे आधी, आणि ते ३० कामाच्या दिवसांत वापरायचं. म्हणजे चार खाडे त्यात आपोआप मावतात, पाचवा मावत नाही. कुणी दहा-पंधरा दिवस गावी जाणार असेल आणि आठवडाभर आधी कळवलं तर कार्ड थांबवून ठेवते, कारण तेवढ्या वेळात यादीतल्या दुसऱ्याला ती जागा देता येते. प्रत्येकाचं कार्ड ज्या दिवशी सुरू झालं तिथून मोजायचं. सगळ्यांचं १ तारखेला करायचा मोह होतो, पण मग महिन्याच्या शेवटी किराणावाल्याला द्यायला हातात काही नसतं. वेगवेगळ्या तारखांना पैसे येत राहिले की आठवड्याचा शिधा आठवड्याच्या पैशांत निघतो.

वही साधी. ओळीत नावं, रकान्यांत तारखा. डबा गेला तर "ड", वेळेत खाडा "खा", ८ नंतरचा "उ". मुलीने मला हेच संगणकावर करून दिलं आहे. बी रकान्यात कार्डाची सुरुवातीची किंवा मागच्या महिन्यातून आलेली शिल्लक, पुढे ३१ दिवस, आणि शेवटी हे सूत्र. ते किती डबे राहिले ते सांगतं:

```
=B5-COUNTIF(C5:AG5,"ड")-COUNTIF(C5:AG5,"उ")
```

खुणा भरायच्या त्या त्याच दिवशी दुपारी, साक्षीचा डबा जेवून झाल्यावर. रात्रीवर ठेवलं की आठवणीने भराल आणि आठवण चुकते.

वाद मिटवण्याची माझी खरी युक्ती सूत्र नाही, शनिवारचा मेसेज आहे. एका महिनाअखेरीला एक विद्यार्थी म्हणाला त्याचे नऊ खाडे आहेत, माझ्या वहीत पाच. दोघंही खरं बोलत होतो असं मला आजही वाटतं. तो चार वेळा सकाळी नऊनंतर बोलला होता आणि मी काही न बोलता "बरं" म्हटलं होतं. मी ते पैसे सोडले, आणि त्या शनिवारपासून प्रत्येकाला एक ओळ पाठवायला लागले: "आजपर्यंत १४ डबे, २ खाडे (मंगळ, शुक्र), १ उशिरा (गुरु), शिल्लक ११." बरोबर नसेल तर सोमवार दुपारपर्यंत सांगा, नंतर हाच आकडा धरला जाईल. सहा दिवसांपूर्वीचं माणसाला आठवतं, पंचवीस दिवसांपूर्वीचं नाही. त्यानंतर माझ्याकडे महिनाअखेरीचा वाद झालेला नाही, शनिवारी होतो तो दोन मिनिटांत मिटतो. शिल्लक तीनवर आली की त्याच मेसेजमध्ये पुढच्या कार्डाची आठवण करते.

यूपीआयने पैसे घेताना स्क्रीनवर दिसणारं नाव वहीत लिहून ठेवा. मुलांचे पैसे बऱ्याचदा वडिलांच्या खात्यातून येतात, आणि तीन पाटलांपैकी हे कोणते ते शोधण्यात संध्याकाळ जाते. एफएसएसएआयची नोंदणी अजून केली नसेल तर अठरा जण घेण्याआधी करा, घरून स्वयंपाक विकणाऱ्यालाही ती लागते. मिळणारा १४ अंकी क्रमांक बिलावर छापा.

त्या अठरांपैकी आज कुणाला घ्यायचं? आधी त्यांचे पत्ते कागदावर तुमच्या आत्ताच्या लाइनवर मांडा. जे वाटेत आहेत त्यांतले आठच घ्या, म्हणजे तीस डबे, एक बाई, एक लाइन जेमतेम पुरेल. गाडीवर वीस डबे बसतात, म्हणून जवळच्या दहा जणांची दुसरी छोटी फेरी घरचं कुणी मारू शकेल का ते पाहा. हे दोन आठवडे चालवा, साक्षीचा डबा रोज जेवा आणि शेवटच्या दाराची वेळ वहीत लिहा. ती १२:५० च्या आत राहिली तर दुसरी पोळीवाली बाई आणि दुसरा मुलगा ठरवून उरलेले दहा घ्या. दोघांचे पगार दहा डब्यांत सुटणार नाहीत, पहिला महिना तुमच्या खिशातून जाईल, तेवढे पैसे आधी बाजूला काढून ठेवा.